मॉसफेटचा ड्रेन करंट सांगण्याआधी

एक साधं सर्किट डोळ्यांसमोर आणा. एन-चॅनल मॉसफेट, सोर्स थेट ग्राउंडला. गेटला दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधून ३ व्होल्ट मिळतात. ड्रेन एका रेझिस्टरमधून १० व्होल्टच्या सप्लायला जोडलाय. मॉसफेटचा थ्रेशोल्ड १ व्होल्ट आणि k, म्हणजे मोबिलिटी, ऑक्साइड कपॅसिटन्स आणि रुंदी-लांबीचं गुणोत्तर यांचा गुणाकार, 1 mA/V². ड्रेनचा रेझिस्टर ४.७ किलोओम. ड्रेन करंट किती?

नव्याने शिकणारे बहुतेक जण सॅच्युरेशनचं सूत्र आठवतात, २ मिलिअँपिअर लिहितात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. खरं उत्तर १.८३ मिलिअँपिअर आहे. फरक नऊ-दहा टक्क्यांचा, म्हणून कुणाला तो किरकोळ वाटेल. पण याच सर्किटचा गेन काढला, तर त्या २ मिलिअँपिअरच्या हिशेबाने तो ९.४ येतो आणि प्रत्यक्षात असतो जेमतेम १.८. करंट थोडासा चुकला, गेन पाचपट चुकला. म्हणून या लेखात बाकी फारसं काही नाही, फक्त त्या दोन आकड्यांच्या मधे राहून गेलेली एक तपासणी आहे.

आधी नावांचा घोळ

बायपोलर ट्रान्झिस्टर आधी शिकून आलेल्यांना इथे पहिली ठेच लागते. बायपोलरमध्ये सॅच्युरेशन म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण ‘ऑन’ झालेला, कलेक्टरचं व्होल्टेज तळाला गेलेलं, अँप्लिफायर म्हणून निकामी. मॉसफेटमध्ये नेमकं उलट आहे. इथे सॅच्युरेशन म्हणजे करंट ड्रेनच्या व्होल्टेजवर जवळजवळ अवलंबून नसण्याची अवस्था, आणि अँप्लिफायरला हवी असते ती हीच. बायपोलरच्या सॅच्युरेशनसारखी तळाला गेलेली अवस्था मॉसफेटमध्ये ट्रायोड म्हणून ओळखली जाते. ही नावं ज्याने कुणी अशी ठेवली त्याला विद्यार्थ्यांची दया आली नसावी, पण आता ती बदलणार नाहीत.

सूत्राला ड्रेन रेझिस्टर दिसत नाही

सॅच्युरेशनमधलं सूत्र असं:

```
ID = ½ · k · (VGS − Vt)²
```

कंसातल्या VGS − Vt ला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. पुढे मी त्याला Vov लिहीन. आता सूत्राकडे नीट पाहा. यात VDS नाही, RD नाही आणि सप्लायही नाही. ड्रेनला २.२ किलोओम लावा, ४.७ लावा, नाहीतर १० लावा, सूत्र दर वेळी तेच २ मिलिअँपिअर सांगणार. रेझिस्टर इतका मोठा आहे की एवढा करंट त्यातून जाऊच शकत नाही, तरी सूत्र तक्रार करणार नाही. तक्रार करण्याचं काम आपल्याला स्वतंत्रपणे करावं लागतं.

मग सुरुवात याच सूत्राने का करायची? कारण VDS नसल्यामुळे ते एका ओळीत सुटतं. ट्रायोडचं सूत्र घेतलं तर VDS आणि ID दोन्ही अज्ञात, आणि गाठ वर्गसमीकरणाशी. शिवाय अँप्लिफायरचं बायस करताना आपल्याला सॅच्युरेशनच हवं असतं. म्हणून आधी सोपं गृहीत धरायचं आणि ते टिकतं का ते पाहायचं. फक्त, टिकलं हे कळेपर्यंत आलेल्या आकड्याला उत्तर म्हणायचं नाही. वहीत मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढतो.

२.२ किलोओमवर पूर्ण फेरी

तेच सर्किट, ड्रेनला आधी २.२ किलोओम घेऊ.

पहिलं काम गेटचं व्होल्टेज. गेटमध्ये डीसी करंट जात नाही असं धरता येतं, त्यामुळे डिव्हायडरचं साधं गणित चालतं. गेटवर ३ व्होल्ट, सोर्स ग्राउंडला, म्हणून VGS ३ व्होल्ट. थ्रेशोल्ड १ व्होल्ट असल्यामुळे मॉसफेट चालू आहे. VGS थ्रेशोल्डपेक्षा कमी असता तर करंट शून्य धरून गणित तिथेच संपलं असतं. हे इतकं उघड आहे की लोक ते पाहायचं विसरतात, आणि वर्ग केल्यावर ऋण चिन्ह गायब होत असल्यामुळे बंद मॉसफेटलाही सूत्र खुशाल करंट देऊन टाकतं.

दुसरं, सॅच्युरेशन गृहीत धरून करंट:

```
Vov = 3 − 1 = 2 V
ID  = ½ × 1 × 2² = 2 mA  (?)
```

इथे एक सावधगिरी. काही पुस्तकं ½ आधीच K मध्ये घालतात आणि सूत्र ID = K·Vov² असं लिहितात. आकडा एका पुस्तकातून आणि सूत्र दुसऱ्यातून घेतलं की उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं येतं. दिलेला स्थिरांक कुठल्या सूत्राबरोबरचा आहे ते आधी पाहा.

तिसरं, आता ड्रेन रेझिस्टरला बोलू द्यायचं. रेझिस्टर किलोओममध्ये आणि करंट मिलिअँपिअरमध्ये ठेवला की गुणाकार सरळ व्होल्टमध्ये येतो, दहाच्या घातांची कटकट राहत नाही:

```
VDS = 10 − 2 × 2.2 = 5.6 V
```

चौथं, तपासणी. सॅच्युरेशनची अट:

```
VDS ≥ VGS − Vt
5.6 ≥ 2   ✓
```

अट पाळली गेली. आता प्रश्नचिन्ह पुसायचं आणि सांगायचं: ड्रेन करंट २ मिलिअँपिअर, VDS ५.६ व्होल्ट, सॅच्युरेशनमध्ये. उत्तर लिहिताना तिन्ही गोष्टी एकत्र लिहायची सवय लावा. नुसता करंट लिहिला तर तपासणी झाली होती की राहून गेली, हे दोन दिवसांनी तुमचं तुम्हालाही आठवत नाही.

ही अट पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचं चित्र लक्षात ठेवलेलं बरं. गेटखाली चॅनल तयार होण्यासाठी त्या जागी गेट हे चॅनलच्या व्होल्टेजपेक्षा किमान थ्रेशोल्डइतकं वर हवं. सोर्सच्या टोकाला ते असतंच, म्हणून मॉसफेट चालू होतो. ड्रेनच्या टोकाला मात्र ड्रेनचं व्होल्टेज जसं वाढतं तसं गेट आणि चॅनलमधलं अंतर कमी होत जातं. ते थ्रेशोल्डएवढं उरलं की चॅनल त्या टोकाला चिमटला जातो. त्यानंतर ड्रेन कितीही वर गेला तरी करंट फारसा वाढत नाही. म्हणजे गेट ड्रेनपेक्षा थ्रेशोल्डहून जास्त वर असेल तर ट्रायोड, नाहीतर सॅच्युरेशन. इथे गेट ३ व्होल्ट आणि ड्रेन ५.६. गेट ड्रेनच्या वर नाहीच, तेव्हा सॅच्युरेशन नक्की. सर्किटवर मीटर लावून बसलेलं असताना ही तुलना सोयीची पडते, कारण दोन्ही व्होल्टेज ग्राउंडपासून मोजलेली चालतात.

रेझिस्टर मोठा केल्यावर

शिकत असताना मी एकदा असाच एक अँप्लिफायर ब्रेडबोर्डवर लावला होता. गेन थोडा कमी वाटला. सूत्र सांगतं की गेन म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स गुणिले ड्रेन रेझिस्टर, म्हणून मी ड्रेनचा रेझिस्टर उपटून दुपटीहून मोठा लावला. ऑसिलोस्कोपवरची साइन वेव्ह दुप्पट व्हायची ती उलट बारीक झाली आणि खालच्या बाजूने बसकी दिसायला लागली. मी फंक्शन जनरेटर तपासला, वायरी हलवल्या, मॉसफेट बदलला. ड्रेनला मीटर लावायचं सुचलं ते अर्ध्या तासाने. सगळं उत्तर त्या एका आकड्यात होतं.

आपल्या सर्किटमध्ये तेच करून पाहू. ड्रेनला ४.७ किलोओम. पहिल्या दोन पायऱ्या जशाच्या तशा, सूत्र पुन्हा २ मिलिअँपिअर म्हणतं. मग:

```
VDS = 10 − 2 × 4.7 = 0.6 V
0.6 ≥ 2   ✗
```

अट मोडली. खरा सापळा पुढे आहे. ०.६ व्होल्ट हा आकडा दिसायला अगदी शहाणा आहे. धन आहे, सप्लायपेक्षा कमी आहे. रेझिस्टर १० किलोओम असता तर VDS उणे १० व्होल्ट आला असता आणि कुणीही दचकलं असतं. ‘VDS शून्याच्या वर आहे ना, मग ठीक’ ही चुकीची तपासणी आहे. तुलना शून्याशी करायची नसते, ओव्हरड्राइव्हशी करायची असते. तसंच ‘सप्लाय भागिले रेझिस्टर’ ही करंटची कमाल मर्यादा काढून समाधान मानू नका. इथे ती २.१३ मिलिअँपिअर येते, २ त्याच्या आत बसतो, आणि तरीही उत्तर चूक आहे.

अजून एक मोह होतो. VDS ०.६ आला, सॅच्युरेशन नाही, म्हणून ‘ट्रायोडमध्ये आहे, ID = 2 mA, VDS = 0.6 V’ असं लिहून टाकायचा. तो ०.६ व्होल्ट मुळात खोट्या गृहीतकातून निघालाय. गृहीतक पडलं की त्यातून निघालेला करंट आणि व्होल्टेज दोन्ही टाकून द्यायची. त्यातून हाती राहतं ते एवढंच, की मॉसफेट ट्रायोडमध्ये आहे. हे मात्र ठामपणे म्हणता येतं. VGS ठरलेला असताना मॉसफेटचा करंट VDS बरोबर वाढतो किंवा सपाट राहतो, आणि रेझिस्टरची लोड लाइन सतत उतरत जाते. असे दोन आलेख एकमेकांना एकदाच छेदतात. तो छेद सपाट भागात नसेल तर चढावर असणारच.

आता ट्रायोडचं सूत्र आणि रेझिस्टरचं समीकरण एकत्र मांडू:

```
k·[Vov·VDS − ½·VDS²] = (VDD − VDS) / RD
2·VDS − 0.5·VDS²     = (10 − VDS) / 4.7
2.35·VDS² − 10.4·VDS + 10 = 0
VDS = 1.41 V  किंवा  3.01 V
```

वर्गसमीकरण नेहमी दोन उत्तरं देतं, त्यातलं एक आपलं. ट्रायोडमध्ये VDS ओव्हरड्राइव्हपेक्षा, म्हणजे २ व्होल्टपेक्षा, कमी हवा. ३.०१ बाद, १.४१ राहिला. म्हणजे ट्रायोड गृहीत धरल्यावरही तपासणी सुटत नाही, फक्त चिन्ह उलटतं. करंट रेझिस्टरवरून काढणं सोपं: १० वजा १.४१, भागिले ४.७, म्हणजे १.८३ मिलिअँपिअर. तो २ पेक्षा कमी आलाय हेही पाहून घ्या. VGS तोच असताना ट्रायोडचा करंट सॅच्युरेशनच्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर आकडेमोडीत कुठेतरी घसरलात असं समजा.

गेनचं काय झालं तेही यातून उलगडतं. २.२ किलोओमवर ट्रान्सकंडक्टन्स 2 mA/V होता आणि गेन ४.४. ट्रायोडमध्ये ट्रान्सकंडक्टन्स k गुणिले VDS एवढाच उरतो, म्हणजे 1.41 mA/V. त्याहून वाईट म्हणजे मॉसफेटचा चॅनल स्वतःच १.७ किलोओमच्या रेझिस्टरसारखा वागतो आणि सिग्नलच्या दृष्टीने तो ड्रेन रेझिस्टरला समांतर येतो. दोन्ही मिळून १.२५ किलोओम, आणि गेन १.८ वर. ४.४ चे ९.४ करायला निघालो होतो.

या सर्किटमध्ये रेझिस्टर किती मोठा चालेल, हे उलट्या बाजूनेही काढता येतं. VDS किमान २ व्होल्ट हवा, म्हणजे रेझिस्टरवर जास्तीत जास्त ८ व्होल्ट पडू शकतात. ८ भागिले २ मिलिअँपिअर, म्हणजे ४ किलोओम. पण ३.९ किलोओम लावून खूश होऊ नका. तिथे VDS २.२ व्होल्ट येतो, कागदावर तपासणी पास होते, आणि सिग्नल आला की ड्रेन पाव व्होल्टही खाली जायच्या आत ट्रायोडमध्ये शिरतो. ओव्हरड्राइव्हच्या वर किती जागा हवी, ते आउटपुट खाली किती झुलणार आहे त्यावर ठरवा.

सोर्सलाही रेझिस्टर असेल तर

गेटला ठरावीक व्होल्टेज आणि सोर्स ग्राउंडला, ही रचना शिकायला छान, पण प्रत्यक्षात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. 2N7000 हा सर्रास वापरला जाणारा मॉसफेट घ्या, डेटाशीटमध्ये त्याचा थ्रेशोल्ड ०.८ ते ३ व्होल्ट असा दिलेला असतो. एकाच पाकिटातल्या दोन नगांचा करंट वेगळा येऊ शकतो. म्हणून सोर्सखाली रेझिस्टर घालतात. करंट वाढला की सोर्स वर उचलला जातो, VGS कमी होतो आणि करंट आवरला जातो.

पद्धत तीच राहते, फक्त VGS आता आयता मिळत नाही. गेटवर ५ व्होल्ट आणि सोर्सला १ किलोओम घेऊ. बाकी सगळं तेच. सॅच्युरेशन गृहीत धरून:

```
VGS = 5 − ID × 1
Vov + 1 = 5 − ½·Vov²
Vov² + 2·Vov − 8 = 0
Vov = 2  किंवा  −4
```

उणे ४ म्हणजे मॉसफेट बंद, ते उत्तर लगेच बाद. ते ठेवलंत तर करंट ८ मिलिअँपिअर येईल. मघाशी म्हटलेलं ऋण चिन्ह गिळणारं वर्गाचं सूत्र ते हेच. Vov २ घेतला की करंट २ मिलिअँपिअर, सोर्स २ व्होल्टवर. ड्रेनला २.२ किलोओम असेल तर ड्रेन ५.६ व्होल्टवर. इथे नव्या माणसाचा हात हमखास सुटतो: ५.६ हे ड्रेनचं ग्राउंडपासूनचं व्होल्टेज झालं, VDS नव्हे. VDS म्हणजे ५.६ वजा २, अर्थात ३.६ व्होल्ट. तो २ पेक्षा मोठा आहे, तपासणी पास. गेट-ड्रेनची तुलना केली तर ही वजाबाकी करावी लागत नाही. गेट ५, ड्रेन ५.६, झालं.

आता याच सर्किटमध्ये ड्रेनला ३.३ किलोओम लावला तर VDS १.४ येतो आणि तपासणी नापास होते. ट्रायोडचं गणित मांडताना इथे VGS ३ व्होल्टच धरून चालत नाही, कारण करंट बदलला की सोर्सचं व्होल्टेज बदलतं आणि VGS त्याच्यामागे जातो. VGS च्या जागी 5 − ID आणि VDS च्या जागी 10 − 4.3·ID घालून सोडवलं की करंट १.९६ मिलिअँपिअर येतो, VDS १.५६ आणि ओव्हरड्राइव्ह २.०४. करंट जवळजवळ तोच आहे. नुसता करंट मोजून हा बिघाड कधीच सापडणार नाही.

थ्रेशोल्ड नगागणिक बदलत असेल, तर तपासणी कुठल्या थ्रेशोल्डला करायची? सर्वांत कमी असेल त्याला, कारण तिथे करंट सर्वांत जास्त असतो आणि ड्रेन सर्वांत खाली येतो. आपल्या सोर्स रेझिस्टरवाल्या सर्किटमध्ये २.२ किलोओम ठेवून थ्रेशोल्ड ०.५ व्होल्ट धरा. करंट २.३४ मिलिअँपिअर होतो, VDS २.५२ पर्यंत उतरतो आणि ओव्हरड्राइव्ह २.१६ पर्यंत चढतो. नेहमीच्या थ्रेशोल्डला दीड व्होल्टहून जास्त मोकळी असलेली जागा इथे अर्ध्या व्होल्टच्याही आत आली. मी असतो तर ड्रेनला १.८ किलोओम घातला असता.

टेबलावर मोजताना

करंट मोजायला सर्किट तोडून मीटर मधे घालायची गरज नाही. ड्रेन रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा आणि रेझिस्टरच्या खऱ्या किमतीने भागा. पाच टक्क्यांच्या रेझिस्टरवर छापलेल्या किमतीने भागलंत तर ती पाच टक्के चूक करंटमध्ये उतरेल, म्हणून सप्लाय जोडण्याआधी रेझिस्टर मोजून ठेवा. मग गेट, ड्रेन आणि सोर्स, तिन्ही ग्राउंडपासून मोजा. गेटचा डिव्हायडर मेगाओमचा असेल तर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स, जो डिजिटल मीटरमध्ये सहसा १० मेगाओम असतो, गेटचं व्होल्टेज थोडं खाली ओढतो आणि त्याबरोबर करंटही हलतो. म्हणून ड्रेन मोजताना गेटवरचा प्रोब काढलेला असू द्या.

सॅच्युरेशनमध्ये असूनही मोजलेला करंट हिशेबापेक्षा थोडा जास्त आला तर घाबरू नका. VDS वाढला की चॅनलची परिणामकारक लांबी किंचित घटते आणि करंट हळूहळू चढतो, आपल्या सूत्राने तो परिणाम सोडून दिलेला आहे. करंट हिशेबापेक्षा कमी आला आणि ड्रेन गेटच्या बराच खाली असला, तर आधी थ्रेशोल्डशी तुलना करा. मॉसफेट बदलायचा विचार त्यानंतर.